स्क्रीन बदलावी की फोन बदलावा?

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाचे काम करतो. पगार २१,००० रुपये, बँकेत शिल्लक १४,०००. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या फोनची स्क्रीन फुटली आहे आणि उजव्या बाजूला टच कधी चालतो, कधी चालत नाही. फोटो सोबत जोडला आहे. सर्व्हिस सेंटरने ५,९०० सांगितले, गल्लीतला दुकानदार २,२०० मध्ये बिलाशिवाय करून देतो म्हणतो. नवीन फोन १७,९९९ चा आहे, २,००० चे नऊ हप्ते बिनव्याजी मिळतात, रोख घेतला तर १७,०००. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये ९०० मिळतील. दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

उत्तर : नमस्कार. पैशांकडे वळण्याआधी तुमच्या फोटोत काय दिसते ते सांगतो, कारण निम्मा निर्णय त्यावर अवलंबून आहे. तडा वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तिरका उजव्या कडेपर्यंत गेलेला आहे, पण चित्र स्वच्छ आहे. शाई सांडल्यासारखा काळा डाग नाही, हिरव्या-जांभळ्या रेघाही नाहीत. म्हणजे चित्र दाखवणारा भाग अजून शाबूत आहे आणि बिघाड टचच्या थरात असावा. तुम्ही बोट स्क्रीनवरच ठेवून अनलॉक करता असे फोटोवरून दिसते, त्यामुळे पॅनल अमोलेड प्रकारचा आहे. अशा पॅनलमध्ये स्पर्श ओळखणाऱ्या अतिशय बारीक वाहक रेषांचे जाळे पॅनललाच जोडलेले असते. तडा त्यातल्या काही रेषा तोडून गेला की त्या रेषांवरची सगळी पट्टी बधिर होते. टच एकाच बाजूला, उभ्या पट्टीत चालत नाही याचे हे कारण असू शकते. म्हणून कोणी ‘फक्त वरची काच हजार रुपयांत बदलून देतो’ म्हणाले, तर ते तुमच्या कामाचे नाही; काच नवी दिसेल आणि टच तसाच राहील. तुम्हाला दुकानदार ज्याला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात तो पूर्ण डिस्प्लेच बदलावा लागेल.

तरीही फोटोवर विसंबून पैसे खर्च करू नका, कारण टच बिघडण्याची दुसरी कारणे फोटोत दिसत नाहीत. घरी पंधरा मिनिटे काढून एक तपासणी करा. टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर काढा, स्क्रीन कोरड्या मऊ कापडाने पुसा, चार्जर काढून ठेवा आणि फोन बंद करून पुन्हा चालू करा. मग Settings मध्ये About phone उघडून Build number वर सात वेळा बोट मारा (काही फोनमध्ये ते About phone च्या आत आणखी एक पायरी खाली असते). असे केल्यावर Developer options ही यादी खुली होते. तिच्यात Pointer location चालू करा. आता बोट फिरवाल तशी स्क्रीनवर रेघ उमटेल. सगळ्या स्क्रीनवर एकमेकींना लागून उभ्या-आडव्या रेघा ओढून पाहा. रेघ दर वेळी त्याच पट्टीत तुटत असेल, तर पॅनल गेला आहे आणि तो बदलल्यावर फोन नीट चालण्याची शक्यता चांगली आहे. रेघ आज इथे, उद्या तिथे तुटत असेल किंवा बोट न लावता ठिपके उमटत असतील, तर जोडणीची पट्टी सैल होणे, आत ओल जाणे किंवा बोर्डात दोष असणे, यांपैकी काहीही असू शकते, आणि अशा वेळी नवा पॅनल घालूनही त्रास राहू शकतो. शेवटी फोन सपाट टेबलावर ठेवा. तो मधोमध डुगडुगत असेल किंवा पाठ फुगलेली असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शंका घ्या. तसे असेल तर फोन चार्जिंगला लावणे त्याच दिवशी थांबवा.

आता हिशेब. दुरुस्तीचा खर्च नव्या फोनच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्ती करावी, असा एक ठोकताळा सांगितला जातो. मला तो पटत नाही, कारण दुरुस्तीनंतर फोन किती महिने चालणार हे त्यात कुठेच येत नाही. तुम्ही विकत घेताय ते वापराचे महिने आहेत, तेव्हा दर महिन्याला खर्च किती पडतो ते मोजा.

तुमच्या फोनचे सुरक्षित महिने बॅटरीइतकेच सुरक्षा अपडेटवरही ठरतात. त्याच फोनवर तुम्ही यूपीआय वापरता, बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात, म्हणून अपडेट बंद झालेला फोन मी तुमच्यासाठी चालता फोन धरणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलला किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार ते पाहा आणि ती वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजा, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. मी असे धरून चालतो की मुदत चार वर्षांची आहे आणि तुम्ही फोन घेतलात तेव्हा मॉडेल सहा महिने जुने होते. मग ४८ पैकी ३० महिने संपले, १८ उरले. तुमचे आकडे वेगळे निघाले तर पुढचे गणित त्या आकड्यांनी करा.

सर्व्हिस सेंटरचे ५,९०० रुपये १८ महिन्यांवर पसरले, तर महिन्याला सुमारे ३२८ रुपये पडतात. नवा फोन रोखीने १७,००० ला घेतला, त्यातून एक्स्चेंजचे ९०० वजा केले आणि तो तीन वर्षे वापरला, तर महिन्याला सुमारे ४४७ पडतात. तीन वर्षे मी मुद्दाम धरली आहेत, कारण आत्ताचा फोन तुमच्या हातात दोन वर्षांतच फुटला आहे. नवा फोन चार वर्षे अखंड टिकला, तर तो आकडा ३३५ पर्यंत खाली येतो, म्हणजे दोन्ही पर्याय जवळजवळ बरोबरीत येतात. म्हणून दुरुस्ती फार स्वस्त आहे असे मी म्हणणार नाही. पारडे तिच्या बाजूला झुकते ते तुमच्या शिल्लक रकमेमुळे. बँकेत १४,००० असताना ५,९०० देऊन ८,१०० हाताशी राहतात; रोखीने नवा फोन घेण्याइतके पैसे तर तुमच्याकडे नाहीतच, त्यामुळे तो पर्याय प्रत्यक्षात हप्त्यांचाच आहे.

आणि ते हप्ते बिनव्याजी नाहीत. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि ते व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग शुल्काच्या रूपात घेतले जाते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट लिहून कळवले होते. तुमच्या बाबतीत व्याज दोन ठिकाणी आहे. रोखीने १७,००० ला मिळणाऱ्या वस्तूचे तुम्ही हप्त्यांत १८,००० देता, हे एक. शिवाय प्रोसेसिंग शुल्क असेल. ते ५०० धरले तर १८ टक्के जीएसटीसह ५९०. म्हणजे १७,००० च्या वस्तूसाठी १८,५९० जातात. जादाचे १,५९० रुपये छोटे वाटतील, पण कर्ज दर महिन्याला कमी होत नऊ महिन्यांत फिटते हे लक्षात घेतले, तर वार्षिक दर साधारण साडेबावीस टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ कर्जांसाठी बँकेने किंवा वित्तसंस्थेने ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. दुकानात सहीआधी तो कागद मागा. मात्र रोखीची सवलत सोडल्यामुळे गेलेले १,००० रुपये त्यात दिसतीलच असे नाही. ते तुम्हालाच मिळवून पाहावे लागतील.

आता २,२०० चा पर्याय, जो तुम्हाला सगळ्यात मोहात पाडत असेल. या किमतीत अमोलेडच्या जागी बहुधा कॉपी प्रकारचा एलसीडी कॉम्बो बसवला जातो. स्क्रीनखालचा अंगठ्याचा सेन्सर त्यातून बहुतेक चालत नाही, जाडी जास्त असल्याने कडेला फट राहते, आणि काळ्या पार्श्वभूमीवरही मागचा दिवा जळत असल्याने बॅटरी लवकर उतरू शकते. तुम्ही दिवसभर हळदीच्या पोत्यांच्या धुळीत बसता, त्यामुळे कडेची फट ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव आहे. मी स्वतः साताऱ्यात आईच्या फोनला असा कॉम्बो बसवून घेतला होता. चौथ्या महिन्यात टच पुन्हा उडी मारू लागला, आणि बिल नसल्याने दुकानदाराशी बोलायला माझ्याकडे काहीच नव्हते. तुमच्या बाबतीत तसे पाच महिन्यांत झाले, तर २,२०० चा खर्च महिन्याला ४४० पडेल, म्हणजे सर्व्हिस सेंटरपेक्षा महाग. बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, तेव्हा बिल मागताना संकोच करू नका. तोच दुकानदार अमोलेड पॅनल, बिलावर तसा उल्लेख आणि टचची सहा महिन्यांची लेखी हमी देत असेल, तर ३,५०० पर्यंत मी त्याचा विचार करीन. एक वर्ष चालला तरी तो महिन्याला २९० च्या आसपास पडतो.

माझा सल्ला असा : तपासणीत रेघ एकाच पट्टीत तुटत असेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये ५,९०० देऊन डिस्प्ले बदलून घ्या. हप्त्यासाठी महिन्याला २,००० काढायची तुमची तयारी होती. त्यातले पहिले तीन महिने बँकेतली शिल्लक पूर्ववत करण्यासाठी वापरा आणि पुढचे पंधरा महिने १,१०० रुपयांची आवर्ती ठेव चालवा. अपडेट संपतील तेव्हा व्याज सोडून १६,५०० रुपये हातात असतील आणि पुढचा फोन रोखीच्या भावात घेता येईल.

हा सल्ला दोन परिस्थितींत बदलतो. फोन उघडल्यावर फ्रेम वाकली आहे, बॅटरी किंवा बोर्डही बदलावा लागेल असे सांगून खर्च सात हजारांच्या वर नेला, किंवा अपडेटचे महिने बारापेक्षा कमी उरलेले निघाले, तर दुरुस्ती करू नका. मग फोन घ्या, पण १८,००० चा नव्हे. यूपीआय, व्हॉट्सअॅप आणि हिशेबाच्या कामाला अकरा-बारा हजारांचा, अपडेटची मुदत लांब असलेला फोन पुरतो. आणि चांगला भाव यावा म्हणून आधी दुरुस्ती करून मग एक्स्चेंजला द्यायचा विचार असेल तर तो सोडा. भावातली वाढ ५,९०० भरून काढील इतकी क्वचितच असते.

तोपर्यंत दोन कामे आजच करा. टच पूर्ण जाण्याआधी फोटो, संपर्क आणि व्हॉट्सअॅपचा बॅकअप घ्या. टच गेलाच तर ओटीजी जोडणीने साधा माऊस लावून फोन हाताळता येतो. आणि टच स्वतःहून उमटत असेल तर यूपीआयची रक्कम टाकताना आकडा दोनदा वाचूनच पिन घाला. फोन दुरुस्तीला देताना सिम काढून घ्या आणि लॉकचा पिन कागदावर लिहून देऊ नका. परत घेताना पैसे देण्याआधी काउंटरवरच Pointer location लावून चारही कडांपर्यंत रेघा ओढा, अंगठ्याचा सेन्सर आणि कॉलच्या वेळी स्क्रीन बंद होते का ते पाहा, आणि बिलावर बसवलेल्या भागाचे नाव व हमीची मुदत लिहून घ्या.