कासवाचा टॅग, गोठ्यातली धामण आणि फुरशाची पिल्लं

गुहागरला अंडी घालून गेलेलं कासव ओडिशाचं होतं, असं मोबाइलवर वाचलं. थाप की खरं? – दापोली

खरं आहे. जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर आलेल्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या वल्ह्यावर धातूचा टॅग होता. त्यावरचा क्रमांक जुन्या नोंदीशी जुळला. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने तो 2021 मध्ये ओडिशात लावला होता. माहिती कितीही अचाट वाटो, तिच्यामागे कुणालाही पुन्हा तपासता येईल अशी नोंद असली की मी ती मानतो.

पण ‘कासव साडेतीन हजार किलोमीटर पोहून आलं’ हे वाक्य वेगळं काढा. धातूचा टॅग फक्त दोन ठिकाणं सांगतो : कुठे लावला आणि कुठे सापडला. मधल्या जवळजवळ चार वर्षांत ती कुठे होती, किती वेळा फिरली, हे त्याला कळत नाही. वाट कळायला पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र लागतं. म्हणजे ते अंतर मोजलेलं नाही, नकाशावरून काढलेला अंदाज आहे. एकाच बातमीत पाहिलेलं आणि ताडलेलं असं शेजारी शेजारी बसलेलं असतं.

धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. आमच्या आजीने सांगितलंय, आता व्हिडिओही आलाय. – राजापूर

आजीने धामण गोठ्यात पाहिली असणार, त्यात शंका नाही. गवताच्या भाऱ्यांत उंदीर असतात, त्यांच्यामागे ती येते. दूध पिण्याची गोष्ट मात्र तिच्या तोंडाकडे पाहून तपासा. सड ओढायला मऊ ओठ आणि गाल लागतात, ते सापाला नाहीत. दात सुईसारखे आणि आत वळलेले. ते सडात रुतले तर गाय उभी राहील का? व्हिडिओ पाहताना दूध ओढलं जाताना दिसतं का, एवढंच शोधा. बहुतेक वेळा पायाशी साप दिसतो आणि बाकीचं निवेदक सांगतो.

फुरसं एका संकेतस्थळावर अंडी घालतं, दुसऱ्यावर पिल्लं देतं. कोण खोटं? – देवगड

कदाचित कुणीच नाही. आपल्या सड्यावरचं फुरसं, Echis carinatus, पिल्लं देतं. त्याच कुळातल्या आफ्रिकेतल्या Echis ocellatus सारख्या जाती अंडी घालतात. इंग्रजी पानावरून भाषांतर करताना सगळ्यांनाच ‘फुरसं’ म्हटलं की असा घोळ होतो. म्हणून आधी शास्त्रीय नावाचे दोन्ही शब्द पाहा, मग ते reptile-database.org वर टाकून ती जात कुठल्या देशांत आढळते ते वाचा. यादीत भारत नसेल, तर ते पान तुमच्या सड्यावरच्या फुरशाबद्दल बोलतच नाहीये.