एजीपी आलेखातली मधली रेघ आणि भोवतीचे पट्टे कसे वाचायचे?

प्रश्न: बाबांना १४ दिवस शुगरचा सेन्सर लावला होता. सगळ्या दिवसांचे आकडे एकाच २४ तासांवर मांडणाऱ्या एजीपी आलेखात रात्री ३ वाजता मधली रेघ १२० वर आहे, गडद पट्ट्याची खालची कड ६६ वर आणि फिकट पट्ट्याची ५२ वर. सरासरी १२० असताना डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन कमी का केलं?

उत्तर: मी डायबेटीस एज्युकेटर आहे, असे आलेख रोज बघते. पहिली गोष्ट म्हणजे ती रेघ सरासरीची नाही. रात्री ३ च्या सुमाराचे १४ रात्रींचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा. बरोबर मधला आकडा म्हणजे मीडियन, तुमचा १२०. निम्म्या रात्री शुगर त्याच्या वर होती, निम्म्या रात्री खाली. किती खाली, हे रेघ सांगत नाही. ते पट्टे सांगतात.

गडद पट्ट्यात मधले निम्मे आकडे असतात. त्याची खालची कड ६६ वर आहे, म्हणजे चौथा हिस्सा रात्री, १४ पैकी तीन-चार, शुगर त्याहून कमी होती. ७० च्या खाली गेली की ती कमीच धरतात. झोपेत बाबांना ते जाणवेलच असं नाही. डॉक्टरांनी रेघ नाही, ही कड बघितली. मीही आधी खालच्या कडाच बघते.

फिकट पट्टा ५ ते ९५ टक्क्यांचा. त्याच्या खालच्या कडेखाली फार तर एखादी रात्र येते. नुसती तीच कड खाली गेली असती, तर मी आधी विचारलं असतं की बाबा सेन्सरच्या कुशीवर झोपतात का. दंड दाबला गेला की सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो. रोजच्या आलेखात तो खड्डा एकदम पडतो आणि कूस बदलली की एकदम भरतो. गडद पट्टाच खाली उतरला असेल, तर एका रात्रीच्या दाबावर त्याचं खापर फोडता येत नाही.

आता पट्ट्याची रुंदी बघा. समजा, नाश्त्यानंतर रेघ २१० वर आणि गडद पट्टा १९५ ते २२५ इतका अरुंद आहे. म्हणजे रोज हेच घडतंय. अशा वेळी नाश्ता किंवा सकाळचं औषध बदलायचं असतं, आणि त्याचा परिणामही लवकर दिसतो. रात्रीच्या जेवणानंतर रेघ १७० वर, पण पट्टा १२० ते २५० असेल तर दिवसागणिक काहीतरी बदलतंय. तिथे सरळ डोस वाढवला, तर ज्या दिवशी शुगर १२० च असते त्या दिवशी ती घसरेल.

जेवणाची वेळ कधी ८, कधी १० असेल, तर दोन्ही वेळचे चढ एकमेकांत मिसळतात आणि रेघ सपाट दिसते. रिपोर्टमध्ये खाली रोजचे छोटे आलेख असतात. जेवणाच्या वेळा लिहून ठेवल्या असतील तर त्यांच्याशी ताडून बघा. आणि १४ दिवसांपैकी निदान ७० टक्के वेळ सेन्सर चालू होता ना, हे रिपोर्टच्या वरच्या भागात तपासा. त्याहून कमी असेल तर या पट्ट्यांवर भिस्त ठेवता येत नाही.