साक्षीची बरणी

चि. सौभाग्यकांक्षिणी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. लिंबाच्या लोणच्याच्या चार बाटल्या नागपूरला पोहोचून सहा दिवस झाले आणि अजून एका अक्षराचाही अभिप्राय नाही, त्यामुळे रात्री झोप लागत नाही, असे तू लिहिले आहेस. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा ऑनलाइन लोणचे विकले, तेव्हा मीही अशीच सोळा दिवस वाट पाहिली होती. त्या सोळा दिवसांत मी काय करत होते आणि खरे म्हणजे काय करायला हवे होते, ते सविस्तर लिहिते.

त्या वर्षी 20 मे रोजी राजापुरी कैरीच्या पाच किलो फोडींचे लोणचे घातले. कैरी घट्ट, आंबट आणि कोय धरलेली पाहून घेतली. कोय नीट धरली नसेल तर फोडीला आतले कठीण कवच मिळत नाही आणि फोड महिन्याभरात मऊ पडते. फोडी पुसून सावलीत पंख्याखाली कोरड्या केल्या. पाच किलोंना 900 ग्रॅम मीठ, मोहरीची डाळ, तिखट, हळद, हिंग, तळून कुटलेली मेथी, आणि कडकडीत तापवून पूर्ण थंड केलेले दीड लिटर शेंगदाणा तेल, हे प्रमाण माझ्या आईचे होते आणि चाळीस वर्षांत ते कधी चुकले नव्हते. अन्नसुरक्षेची छोट्या व्यावसायिकांसाठीची नोंदणी केली, चौदा आकडी क्रमांक, घटक, वजन आणि तारखा लेबलावर छापून घेतल्या. नवव्या दिवशी अर्ध्या किलोच्या सोळा बाटल्या भरल्या. त्यांतली एक मी विकली नाही. तिच्यावर त्याच घाण्याची तारीख लिहून ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. शाळेत प्रयोग करताना एक परीक्षानळी तुलनेसाठी बाजूला ठेवायची सवय होती, तीच ही सवय. पुढे कोणाची तक्रार आली तर त्याच दिवशी तीच बाटली उघडून पाहता यावी, असा विचार होता. तिला मी साक्षीची बरणी म्हणत असे.

पहिली मागणी बेंगळुरूहून एका मराठी गृहिणीची आली, तीन बाटल्यांची. 3 जून रोजी खोके पोहोचल्याचा संदेश फोनवर आला आणि तिथून माझी घालमेल सुरू झाली. सकाळी चहाच्या आधी फोन पाहायचा, दुपारी पुन्हा पाहायचा. मीठ जास्त तर झाले नाही, मेथी एखाद्या क्षणाने अधिक तळली जाऊन कडवट तर लागत नसेल, तिकडच्या लोकांना हिंग सोसत असेल ना, या विचारांनी मी दर दोन दिवसांनी साक्षीची बरणी उघडून एक फोड चाखत असे. फोड दिवसेंदिवस उत्तम मुरत होती. चव उत्तम, मग उत्तर का नाही, हे कोडे मला उलगडत नव्हते.

19 जूनला अभिप्राय आला. पाचपैकी तीन तारे आणि दोन वाक्ये: चव अगदी घरची आहे, पण एका बाटलीतले तेल पिशवीत सांडले होते आणि वरच्या फोडी कोरड्या पडून त्यांवर पांढरे काहीतरी आले आहे. मी त्यांना लगेच फोन केला. पहिल्याच दिवशी त्यांनी तेलकट बाटली पुसून कपाटात ठेवली होती आणि आधीचे लोणचे संपल्यावर सोळाव्या दिवशी ती उघडली होती. लोणचे आले त्या दिवशी कोणी उघडत नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ते पांढरे म्हणजे मीठ की बुरशी, हे ओळखण्यासाठी मी त्यांना जवळून छायाचित्र पाठवायला सांगितले. मिठाचे कण टोकदार असतात आणि पाण्याच्या थेंबात विरतात, बुरशी कापसासारखी फुगीर दिसते आणि विरत नाही. ती बुरशीच होती. वरचा थर काढून खालचे खा, असे सांगायचा मोह झाला होता, पण बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, म्हणून ती बाटली पूर्ण टाकून द्यायला सांगितले आणि दुसरी पाठवली.

मग कारण शोधायला बसले. उरलेल्या बाटल्यांपैकी तीन बाटल्या वर्तमानपत्रावर चोवीस तास आडव्या ठेवल्या. दोन कोरड्या राहिल्या, तिसरीखाली कागदावर तळहाताएवढा डाग पडला. झाकण उघडून पाहिले तर काचेच्या कडेवर मोहरीच्या डाळीचा एक कण चिकटलेला होता. चमच्याने भरताना मसाला तोंडाला लागतो, मी तो कोरड्या फडक्याने पुसला होता, पण एक कण राहिला आणि तेवढ्या फटीतून आडव्या पडलेल्या बाटलीतले तेल वाटभर झिरपत राहिले. त्यात मी नवव्याच दिवशी भरण्याची घाई केली होती. फोडी पहिले तीन-चार आठवडे तेल पीत असतात, त्यामुळे जे तेल उरले होते तेही हळूहळू खाली गेले आणि फोडी उघड्या पडल्या.

आणि साक्षीची बरणी? तिने मला फसवले, किंवा खरे म्हणजे मीच तिला चुकीच्या ठिकाणी उभे केले होते. ती फळीवर सरळ उभी होती, तिने ट्रकचे धक्के खाल्ले नाहीत, ती आडवी झाली नाही, आणि तेल कमी दिसले की मी स्वतःच वरून चमचाभर घालत होते. जे ग्राहकाच्या बाटलीच्या वाट्याला आले ते तिच्या वाट्याला आलेच नाही, म्हणून तिची साक्ष फक्त चवीपुरती खरी होती. आयुष्यभर मुलांना तुलनेची नळी शिकवलेल्या मला हे फार लागले.

तेव्हापासून मी एका घाण्याच्या दोन बरण्या राखते. एक उभी, आणि दुसरी अगदी ग्राहकाला पाठवतात तशी पिशवीत, कागदात, खोक्यात बांधून पाच दिवस आडवी. लोणचे महिनाभर मोठ्या बरणीत मुरू देते, बाटलीत भरताना फोडींवर निदान अर्धा सेंटिमीटर तेल उभे राहील एवढे तापवून थंड केलेले तेल घालते, कड दोनदा पुसते, आणि झाकणाखाली सील लावते.

तुझ्यासाठी याहून महत्त्वाचे हे, की नागपूरच्या बाईंना आजच निरोप पाठव, पण लोणचे आवडले का, हे विचारू नकोस. त्या प्रश्नाला भिडस्त माणूस होय म्हणतो किंवा गप्प राहतो, आणि तुझे लिंबाचे लोणचे अजून मुरायचेच असेल तर त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नसेलही. फक्त एवढे विचार, की बाटली बाहेरून कोरडी आहे का, आणि फोडींच्या वर खार किंवा तेल दिसते का. याचे उत्तर बाटली न उघडता देता येते. मी 3 जूनलाच हे विचारले असते, तर फोडींवर तेल घालायला सांगून ती बाटली वाचली असती. चवीबद्दल तीन आठवड्यांनी विचार.

तुझ्या लोणच्यात तेल नाही, असे तू मागे म्हणाली होतीस. मग तुझी काळजी आणखी वेगळी आहे: मिठाने सुटलेला खार फोडींच्या वर राहिला पाहिजे आणि बाटलीत वायू धरून झाकण फुगत तर नाही ना, हे पाहिले पाहिजे. त्याच घाण्यातली एखादी बाटली तुझ्याकडे उरली असेल तर आज रात्री ती कागदावर आडवी ठेव आणि उद्या कागदावर काय दिसले ते मला कळव.

तुझी,
बाई