व्याजदर वाढला, हप्ता तोच राहिला, म्हणजे बरं झालं का?

प्रश्न: वय ४२, मुलुंडला राहतो, ६० व्या वर्षी निवृत्ती. गृहकर्जाचे ४० लाख बाकी, हप्ता सुमारे ३५ हजार, १८ वर्षं उरलीत. बँकेचा एसएमएस आला की दर ८ वरून ८.७५ टक्के झाला, पण हप्ता वाढला नाही. साडेतीन लाखांची एफडी आहे. ती मोडून कर्जात भरू, की कर्ज दुसऱ्या बँकेत नेऊ? बायको म्हणते, हप्ता वाढला नाही तर गप्प बसा.

उत्तर: हप्ता वाढला नाही, कारण बँकेने तुमची मुदत वाढवली. ३५ हजारांच्या हप्त्यात हे कर्ज आता २१६ ऐवजी साधारण २४७ महिन्यांत फिटेल. जास्तीचे ३१ हप्ते म्हणजे सुमारे पावणेअकरा लाख रुपये, आणि तेही पगार थांबल्यानंतर भरायचे.

फक्त पाऊण टक्क्याने एवढा फरक कसा पडतो? जुन्या दराने महिन्याचं व्याज २६,६६७ रुपये होतं, म्हणजे हप्त्यातून ८,३०० च्या वर मुद्दलात जायचे. आता व्याजच २९,१६७ झालं आणि मुद्दलाला ५,८०० उरले. कर्ज फेडायचा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. दर आणखी चढून साडेदहाला टेकला असता, तर अख्खा हप्ता व्याजातच गेला असता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांची मुदत अशीच गुपचूप लांबली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. म्हणजे निवड तुमची आहे. ती बँकेला लेखी कळवा.

मुदत २१६ महिनेच ठेवायची तर हप्ता सुमारे ३६,८४० होईल, म्हणजे महिन्याला १,८४० जास्त. १८ वर्षांत हे जादा पैसे चार लाखांच्या आत राहतात. पावणेअकरा लाखांशी ताडून पाहा. वहिनींनाही हेच आकडे दाखवा.

आता एफडी. दोन लाख आज भरले तर नव्या दरानेही हप्ता आणि मुदत दोन्ही जुनीच राहतात. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. एफडीचं करोत्तर व्याज ८.७५ च्या खाली असणार, त्यामुळे हिशेब भरण्याच्याच बाजूने आहे. तरी मी नको म्हणेन. हप्त्यासकट घरखर्च महिन्याला ६५-७० हजार धरला, तर तुमच्याकडे जेमतेम पाच महिन्यांची तजवीज आहे. त्यातून दोन लाख काढले तर दोनच महिने उरतात. कर्जात भरलेले पैसे नोकरी गेल्यावर बँक परत देत नाही. हप्ता वाढवा, आणि दिवाळीचा बोनस आला की त्यातून पार्ट पेमेंट करा. ते करताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं स्पष्ट लिहून द्या.

बँक बदलण्याआधी सँक्शन लेटर काढून पाहा. कर्ज बँकेचं असेल आणि ऑक्टोबर २०१९ नंतरचं असेल, तर त्यात बहुधा रेपो अधिक स्प्रेड असं लिहिलेलं असेल. स्प्रेड म्हणजे रेपोवर बँक स्वतःची जोडते ती टक्केवारी. रेपो बदलला की किमान तीन महिन्यांतून एकदा दर फेरठरतो, म्हणून पतधोरण जाहीर झालं त्याच दिवशी काही हलत नाही. स्प्रेडचं तसं नाही, तो बँक मनाला येईल तेव्हा वाढवू शकत नाही. पण नव्या ग्राहकाला बँक अनेकदा कमी स्प्रेड देते आणि जुन्याला कोणी सांगत नाही. शाखेत जाऊन ‘कन्व्हर्जन’ मागा, म्हणजे थोडी फी भरून त्याच बँकेत कमी स्प्रेडवर जाणं. पाव टक्का जरी सुटला, तरी महिन्याला सुमारे ६२० रुपये वाचतात, आणि पाच-सहा हजार फी लागली तर ती वर्षभरात वसूल होते. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर रेपोची ही सक्ती तिला लागू नाही. ती स्वतःच्या दरावर चालते. तिथून बँकेकडे जाण्याचा विचार मी जास्त गंभीरपणे करेन.

बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं, हा शेवटचा पर्याय ठेवा. नवी प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, गहाणखतावर पुन्हा मुद्रांक शुल्क, गहाणाची सरकारदरबारी नोंद करणारी नोटीस ऑफ इंटिमेशन आणि सोसायटीची कागदपत्रं, हे सगळं पुन्हा करावं लागतं. पाव टक्क्यासाठी एवढा खटाटोप करू नका. अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक मिळत असेल, तर सगळा खर्च कागदावर मांडून मग बोला.

एक बारीक गोष्ट: हप्ता वाढवताना खात्यातून कापायच्या एनएसीएच मँडेटची कमाल रक्कम तपासा. ती ३६ हजार असेल तर नवा हप्ता बाउन्स होईल आणि दंड बसेल. पुढच्या तिमाहीच्या कर्ज-विवरणात किती हप्ते उरले ते छापलेलं असतं. तिथे अजूनही २४० च्या आसपास आकडा दिसला, तर तुमचा अर्ज टेबलावरच पडून आहे असं समजा आणि त्याची पोच घेऊन शाखेत जा.