प्लेटचं भोक आधी मोजा

प्रश्न: आयलिओस्टोमी होऊन, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून, अडीच महिने झाले. पिशवी रोज गळते, भोवतीची कातडी सोलून निघालीय. आता लोकलने ऑफिसला जायचंय. काय करू?

उत्तर: घरात मापपट्टी असेल तर आज स्टोमा, म्हणजे पोटावरचं ते तोंड, मोजा. माझंही असंच झालं होतं आणि मी मुंबईच्या घामाला शिव्या देत होतो. सिस्टरनी मोजलं तर ३५ मिलिमीटरचा स्टोमा २७ वर आलेला, आणि मी जुन्याच कागदावरून प्लेटला, म्हणजे पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीला, ३८ चं भोक कापत होतो. ऑपरेशनची सूज उतरते तसा स्टोमा सहा-आठ आठवडे आकसत जातो. मधे उघडी राहिलेली कातडी दिवसभर भिजते, आणि लहान आतड्यातून येणाऱ्या पाण्यात पाचक रस असतात; ते कातडीच पचवायला लागतात. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं. मी ३० चं कापायला लागलो.

ओल्या कातडीवर प्लेट चिकटत नाही, म्हणून पुन्हा गळते, पुन्हा सोलते. हे चक्र मोडायला सकाळी चहाच्याही आधी पिशवी बदला, तेव्हा स्टोमा शांत असतो. नुसत्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. तेल, क्रीम लावू नका (माझ्या आईने खोबरेल लावलं, प्लेट तासात सुटली). सोललेल्या भागावर स्टोमा पावडर भुरभुरवा, जास्तीची झटका, वरून बिनअल्कोहोलचा बॅरियर वाइप हलकेच टेकवा. वाळलं की तेच पुन्हा एकदा. प्लेट लावल्यावर दोन मिनिटं तळहात दाबून ठेवा, उबेने ती नीट बसते. माझी कातडी आठवडाभरात सुधारली. नंतर प्लेटखाली खाज किंवा जळजळ झाली की चार दिवस झाले नसले तरी मी ती काढतो. आत गळती सुरू झालेली असते.

लोकलचं म्हणाल तर निघण्याआधी पिशवी रिकामी करा, एरवीही एक तृतीयांश भरली की लगेच. जड पिशवी प्लेट ओढते. सकाळी दहीभात किंवा केळं खाल्लं की माझं आउटपुट, म्हणजे पिशवीत जे येतं ते, दाट होतं.

पण एक चूक करू नका. आउटपुट पाण्यासारखं झालं की तहान लागते आणि आपण साधं पाणी ढोसतो. त्याने ते आणखी वाढतं, अंगातलं मीठही जातं. तेव्हा ओआरएस पुडीवर लिहिलंय तितक्याच पाण्यात घोळून थोडंथोडं घ्या. आउटपुट दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी झाली, चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. उलट काही तास काहीच आलं नाही, पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या तर अडकलंय असं समजून सरळ हॉस्पिटलला जा. माझ्या बाबतीत ते ओल्या खोबऱ्याच्या करंज्यांनी झालं होतं.