शेअर्स तारण ठेवून कर्ज: बाजार पडला तर नेमकं किती विकलं जातं

प्रश्न: अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. २० लाखांचे शेअर्स आहेत, ते मोडायचे नाहीत. एक एनबीएफसी त्यावर १० लाखांची लिमिट देतेय. बाजार पडला तर मला न विचारता शेअर्स विकतात का? पूर्ण १० लाख उचलावेत का?

उत्तर:

विकू शकतात, आणि तेव्हा तुमची सही लागत नाही. शेअर्स प्लेज करताना, म्हणजे तारण ठेवताना, जो ओटीपी देता तीच तुमची संमती. शेअर्स तुमच्याच डीमॅटमध्ये दिसत राहतात, लाभांशही तुमच्याच खात्यात येतो, म्हणून ते अजून आपल्याच ताब्यात आहेत असं वाटतं. पण कर्ज देणाऱ्याने प्लेज इन्व्होक केलं, म्हणजे तारणावरचा हक्क वापरला, की ते त्याच्या डीमॅटला जातात आणि तिथून विकले जातात. करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे विक्रीआधी वाजवी नोटीस द्यावी लागते हे खरं. ती नोटीस बहुधा एसएमएस आणि ईमेलनेच येते, तेव्हा कर्जाला जोडलेला ईमेल रोज उघडणारा ठेवा.

आता हिशोब. शेअर्सवर कर्ज देताना एनबीएफसीला किमतीच्या ५० टक्क्यांची मर्यादा पाळावी लागते, आणि ती फक्त कर्ज देतानाच नाही, कायम. भाव पडून तूट आली तर ती ७ कामकाजी दिवसांत भरून काढायची असते. तुम्ही पूर्ण १० लाख उचलले म्हणजे पहिल्याच दिवशी कडेला उभे राहिलात. बाजार २० टक्के पडला की २० लाखांचे १६ लाख होतात, त्यावर चालणारं कर्ज ८ लाख, तूट २ लाख. रोख भरली तर २ लाखांत सुटता. जादा शेअर्स तारण दिले तर ४ लाखांचे द्यावे लागतात.

आणि काहीच केलं नाही तर? बहुतेकांना वाटतं २ लाखांचे शेअर्स जातील. तसं होत नाही. २ लाखांचे विकले तर कर्ज ८ लाख राहतं, पण तारणही १४ लाखांवर येतं, आणि त्याचे निम्मे ७ लाखच. तूट अजून १ लाख आहेच. हिशोब जुळायला ४ लाखांचे विकावे लागतात: कर्ज ६ लाख, तारण १२ लाख. म्हणजे तुटीच्या दुप्पट विक्री, तीही पडलेल्या भावात. शिवाय विक्री तुमच्याच नावावर धरतात. शेअर्स जुने आणि नफ्यात असतील तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर तुमच्याच खिशातून जातो, पैसे मात्र कर्जात वळते झालेले असतात.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वेगळीच आहे. अंबडमधल्या जॉबवर्कची बिलं ६०-९० दिवसांनी सुटतात आणि तूट भरायला मिळतो जेमतेम आठवडा. त्यात बाजार जोरात पडतो तेव्हा धंदाही मंद असतो. मार्च २०२० आठवा. फेब्रुवारीच्या मध्यात निफ्टी १२,००० च्या आसपास होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, त्या एकाच दिवसात तो १३ टक्के पडला. पिंपळगावकडच्या माझ्या ओळखीतल्या एका द्राक्ष बागायतदाराने ऑक्टोबर छाटणीच्या खर्चासाठी शेअर्सवर पैसे उचलले होते, माल निघाला की फेडायचे म्हणून. माल तयार झाला आणि लॉकडाऊन लागला. व्यापारी बागेत फिरकेना, आणि त्याच आठवड्यात तूट भरा म्हणून मेसेज. त्याचे शेअर्स अगदी तळाशी विकले गेले. पुढे ते भाव परत आले, पण तोवर त्याच्या डीमॅटमध्ये ते शेअर्स नव्हते.

म्हणून २० लाखांचे सगळे शेअर्स तारण ठेवून लिमिट १० लाखांचीच घ्या, पण उचल ६ लाखांच्या वर नेऊ नका. ६ लाखांच्या कर्जाला १२ लाखांचं तारण पुरतं, म्हणजे ४० टक्के पडझडीपर्यंत तूट येत नाही. ८ लाख उचलले तर हीच सोय २० टक्क्यांवर येते. व्याज ओव्हरड्राफ्टला वापरलेल्या रकमेवरच लागतं, त्यामुळे न उचललेल्या ४ लाखांचं ओझं नाही. फक्त ते ४ लाख अडीअडचणीची शिल्लक समजू नका. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्यात मालाचा स्टॉक घटला की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, घटते, तसंच इथे भाव घसरला की लिमिट आपोआप खाली येते, नेमकी गरज असते तेव्हाच. व्याजही दर महिन्याला भरत जा, नाहीतर ते उचलीत चढत जाऊन ६ चे साडेसहा कधी झाले कळत नाही.

भाव न पडताही तूट येऊ शकते. प्रत्येक कर्ज देणाऱ्याची मंजूर शेअर्सची यादी असते. तुमचा एखादा मिडकॅप त्या यादीतून निघाला की त्याची तारण किंमत शून्य धरली जाते. २० लाखांतले ५ लाख एकाच छोट्या कंपनीत असतील तर ते हिशोबात धरूच नका.

सही करण्याआधी करारात दोन गोष्टी शोधा. कर्ज तारणाच्या किती टक्क्यांवर गेल्यावर ७ दिवस न थांबता लगेच विकण्याचा हक्क त्यांनी ठेवलाय, आणि कोणते शेअर्स आधी विकायचे हे कोण ठरवणार. दुसऱ्याचं उत्तर जवळपास नेहमी 'कर्ज देणारा' असंच असतं, आणि तो जे पटकन खपतं तेच आधी काढतो, म्हणजे तुमचे सगळ्यात चांगले शेअर्स. जे कुठल्याही परिस्थितीत जाऊ द्यायचे नाहीत ते प्लेजमध्ये टाकूच नका, त्या बदल्यात लिमिट कमी झाली तरी चालेल.