येवल्यातील पैठणी गटाची किंमत कशी ठरवावी?

‘नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. येवल्यात आमचे घरचे दोन माग आहेत. शेजारची चार घरे मिळून गट करायचा, प्रदर्शने आणि ऑनलाइन विक्री मी सांभाळायची, असे ठरते आहे. पण पैठणीची किंमत किती लावावी यावरच सगळे अडले आहे. यात माझे करिअर होईल का?’

गटाला तुझ्याकडून सर्वप्रथम हवी आहे ती हजेरीची वही, विक्रेती त्यानंतर. प्रत्येक मागाशेजारी एक वही टांग आणि विणायला बसलेला प्रत्येक दिवस, तसेच ताणा लावणे, सांधणी, कांड्या भरणे यांत गेलेला वेळ महिनाभर लिहून घे. कांड्या भरण्याचे काम बहुधा घरातल्या बायका करतात आणि ते हिशेबात येतच नाही; किंमत चुकते ती इथेच.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुझ्या वहीतले आले की ते बदल. एका साडीला विणकराचे 20 दिवस आणि रोज 600 रुपये धरले, तर मजुरी 12,000 होते. मागापूर्वीच्या कामाचे 4 दिवस 400 रुपयांनी धरले तर 1,600, रेशीम आणि जर 4,500, मागाची देखभाल व वीज 700, आणि नव्या नक्षीसाठी 5,000 रुपये दिले असतील व तीवर दहा साड्या निघणार असतील तर प्रत्येकीवर 500. ही बेरीज 19,300 होते. आता तीच साडी 26 दिवस चालली आणि नगाची मजुरी मात्र 12,000 च राहिली, तर रोज 461 रुपये पडतात. नगावरच्या मजुरीत हा तोटा विणकराच्या अंगावर जातो आणि वहीशिवाय तो कोणाला दिसतही नाही. म्हणून नक्षीनुसार दिवस ठरवा आणि दर सहा महिन्यांनी ते पुन्हा तपासा.

विक्रीचा खर्च वेगळा लिही. प्रदर्शनाचे भाडे, प्रवास आणि राहणे मिळून 30,000 झाले आणि दहा साड्या गेल्या तर प्रत्येकीवर 3,000 चढतात; पाचच गेल्या तर 6,000. दहा जातील असे धरून 3,000 आणि न विकलेल्या मालासाठी 1,930 म्हणजे दहा टक्के राखीव घेतले, तर किंमत 24,230, म्हणजे साधारण 24,500 होते. लागू असेल तर जीएसटी त्यावर वेगळा. गिऱ्हाईक घासाघीस करून 20,000 वर आले, तर राखीव संपूर्ण जातो आणि विक्रीच्या खर्चासाठी 700 रुपये उरतात. एका गटाने शेवटच्या दिवशी ‘माल परत कशाला न्यायचा’ म्हणून असे सौदे केलेले मी पाहिले आहेत. पुढच्या महिन्यात तिथे रेशीम आणायला पैसे नव्हते.

नक्षीत बदल करतानाही खर्च कुठे होतो ते पाहा. पदरावरची मुनिया किंवा आसावली बदलणे तुलनेने सोपे, कारण ती विणकर हाताने धागे अडकवत उतरवतो. ताण्याचा रंग बदलणे मात्र महाग, कारण एका ताण्यावर अनेक साड्या निघतात. म्हणून ताणा एकच ठेवून बाण्याचे रंग बदला. अंजिरी ताण्यावर हिरवा बाणा आणि त्याच ताण्यावर केशरी बाणा घातला तर धूपछावीच्या दोन निराळ्या साड्या दिसतात.

ऑनलाइन विकताना सरळ बाजूइतकाच उलट बाजूचा फोटो काढ. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते, तर सेमी पैठणीच्या मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. पैठणीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा गटातील विणकरांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. सिल्क मार्कचा टॅगही लावा. पोर्टलने 20 टक्के कमिशन घेतले तर 24,500 वर 4,900 जातात, म्हणजे आपण धरलेल्या 3,000 पेक्षा जास्त. म्हणून सुरुवातीला तिथे पैठणी काठाच्या ओढण्या आणि ब्लाउजपीस ठेवा आणि साडी अर्धी रक्कम आगाऊ घेऊन मागणीप्रमाणे विणा. रंग पडद्यावर वेगळा दिसतो या कारणानेही साड्या परत येतात. रेशमाच्या लडीचा फोटो दिवसाच्या उजेडात पाठवून आधी होकार घ्या.

प्रदर्शने वर्षातून दोन-तीनच निवड, दिवाळीपूर्वीची आणि लग्नसराईची, आणि त्यांच्या दोन महिने आधी साड्या मागावर चढलेल्या असू देत. चातुर्मासात लग्ने थांबतात तेव्हा मजुरी राखीव रकमेतून द्यावी लागते.

तुझा पगारही याच हिशेबात एक ओळ म्हणून मांड. वर्षाला तीस साड्यांवर प्रत्येकी 1,000 रुपये घेतलेस तर 30,000 च मिळतील, तेव्हा पहिली दोन वर्षे नाशिकमध्ये एखादी हिशेबनिसाची नोकरी धरून शनिवार-रविवार येवल्याला जा.